पोटुशी बाई, गाडीचं दार आणि सीटची उंची: तुमचे अनुभव लिहा

मृण्मयी_पुणे

काल वहिनी आली होती, सातवा लागलाय. निघताना तिला खाली सोडायला गेले. दादाची गाडी बुटकी. तिने सवयीने आधी उजवा पाय आत टाकला, मान वाकवली आणि तिथेच अडकली. खाली वाकावं तर पोट आड, मागे सरकावं तर डोकं छताच्या कडेला. शेवटी धपकन बसली आणि दोघंही हसायला लागले. मला मात्र हसू येईना.

२०१३ मधला माझा नववा महिना आठवला. आमचीही तेव्हा अशीच खाली बसकी सेडान. दवाखान्याच्या दारात नवरा पार्किंग शोधायच्या घाईत, वॉचमनकाकांनी दोन्ही हात धरून मला ओढून काढलं. विहिरीतून बादली काढतात ना, अगदी तसं. वेणांपेक्षा लाज जास्त लक्षात राहिलीय.

दादा-वहिनी आता नवी गाडी घेताहेत, रविवारी बघायला जाणार. दादाच्या तोंडी फक्त मायलेज आणि सनरूफ. चढणं-उतरणं कुणी बघतच नाही. तुमचं काय झालं, काय बघायला हवं होतं, ते सांगा.

कोल्हापुरी_रस्सा

सरळ एसयूव्ही घ्या, विषय संपला. जितकी उंच तितकी चांगली. वाकायलाच नको.

आर्याची_आई

रस्साभाऊ, तुम्ही कधी पोट घेऊन चढलाय का? 😄 आमची उंचच होती, पायदान बसवलेली. माझी उंची पाच फूट. एक पाय पायदानावर, सगळा भार त्या एका पायावर, वरचं हँडल धरून स्वतःला ओढायचं. सहाव्यापर्यंत जमलं. नंतर जांघेत अशी कळ यायची की डोळ्यांत पाणी. उतरताना तर पायदान पोटामुळे दिसायचंच नाही, पायाने चाचपत उतरायचे. पावसाळ्यात एकदा सटकले. नवऱ्याने धरलं म्हणून वाचले.

विन्या७७

गरोदरपणात चालवायला ऑटोमॅटिकच बरी. क्लच दाबून पाय दुखतात. माझी बायको आठव्यापर्यंत चालवत होती.

मृण्मयी_पुणे

विन्या, वहिनी चालवत नाही हो, बसायचंय फक्त. पण लिहून ठेवते.

प्राची_फिजिओ

दोन पेशंटच्या मधे लिहितेय, चुका पोटात घाला (पोटात जागा असेल तर).

बुटकी आणि उंच, दोन्हींचा त्रास वेगळा आहे. खुर्चीतून उठताना आपण आधी पुढे झुकतो, वजन पावलांवर आणतो आणि मग उठतो. सीट खाली असेल तर गुडघे कमरेच्या वर जातात, म्हणून जास्त झुकावं लागतं. आणि झुकायला पोट देत नाही. मग बाई हातांनी दार ओढत उठते, नाहीतर झोके घेते. मृण्मयीची बादली झाली ती यामुळे.

उंच गाडीत झुकावं लागत नाही, पण एका पायावर उभं राहून दुसरा वर टाकावा लागतो. गरोदरपणात ओटीपोटाच्या हाडांचे सांधे सैल होतात. ज्यांना पुढच्या सांध्यात दुखतं त्यांना नेमकं हेच, एका पायावर भार आणि मांड्या फाकवणं, सहन होत नाही. आर्याच्या आईची कळ बहुधा तीच.

म्हणून शोरूममध्ये एवढंच बघा: सीटकडे पाठ करून उभं राहायचं. सीटची कड कुल्ल्यांच्या जरा खाली यायला हवी. वर चढावं लागू नये आणि मागे पडल्यासारखं वाटू नये. बसल्यावर, पाय अजून बाहेर असताना, दोन्ही टाचा जमिनीला टेकायला हव्यात आणि गुडघे कमरेपेक्षा थोडे खाली हवेत. ही उंची प्रत्येकीची वेगळी. नवऱ्याने बसून बघून उपयोग नाही.

बसायची रीतही तीच: आधी बैठक, मग दोन्ही गुडघे जुळवून पाय एकदम आत वळवायचे. उतरताना उलट. बसताना आधी एक पाय आत टाकायचा नाही.

सांगलीची_सून

वळायला सीटवर प्लास्टिकची पिशवी ठेवायची, सरकन वळता येतं. आमच्या आत्याबाईंची युक्ती. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

प्राची_फिजिओ

@सांगलीची_सून, युक्ती चांगली आहे, पण गाडी सुटायच्या आधी पिशवी काढा. ब्रेक लागला की माणूसही सरकतो. आणि पट्टा! खालची पट्टी पोटावरून नाही, पोटाच्या खालून, मांड्यांच्या सांध्याशी. वरची छातीच्या मधून, पोटाच्या बाजूने.

कोल्हापुरी_रस्सा

पोटाला लागतो म्हणून आमच्याकडे पट्टाच लावत नव्हते.

प्राची_फिजिओ

रस्साभाऊ, तेवढं मात्र करू नका. पुढचा पेशंट आलाय, येते परत.

सोसायटीचा_सेक्रेटरी

सीटचं झालं, दाराचं कुणी बोलेना. शोरूममध्ये दार पूर्ण उघडतं, घरी उघडतं का? आमच्या पार्किंगच्या दोन रेघांत अडीच मीटर. नेक्सॉनसारखी गाडी सुमारे १.८ मीटर रुंद. अगदी मधोमध लावली तरी दोन्ही बाजूंना पस्तीस सेंटिमीटर उरतात. शेजारीही तेवढाच रुंद आणि तोही मधोमध असेल तर दोन गाड्यांत ७० सेंटिमीटर. त्यात दाराची जाडी, त्यात बाई, त्यात बाळ. वॅगन-आर सुमारे १.६२ मीटर, म्हणजे आपल्या बाजूला नऊ सेंटिमीटर जास्त. नऊ सेंटिमीटर हसण्यावारी नेऊ नका. आणि शेजारी मधोमध लावतो हे तर स्वप्नच. आमच्याकडे बी-२०४ वाले कायम रेघेवर. तीन वेळा नोटीस लावली, चौथ्यांदा नोटीसच फाडली.

आर्याची_आई

😂 बी-२०४ प्रत्येक सोसायटीत असतात.

गॅरेजवाला_नाशिक

बॉडीशॉपमध्ये पंधरा वर्षं आहे. सेक्रेटरी बरोबर बोलले, पण त्यातही एक आहे. दार खटक्या-खटक्याने उघडतं. काही गाड्यांत दोन खटके, काहींत तीन. गर्दीत आपण पहिल्या खटक्यावर थांबवतो. तेव्हा किती फट उरते ते बघा, पूर्ण उघडल्यावरची नाही. नुसत्या बोलण्यावर जाऊ नका, मोजपट्टी लावा.

टाटाच्या पंच आणि अल्ट्रोझची दारं जवळपास काटकोनात उघडतात. मोकळ्या जागेत फार छान. पण पूर्ण उघडं दार आतून ओढून लावायला हात लांब न्यावा लागतो, तेव्हा बाहेर उभ्या माणसाने लावलेलं बरं.

दुसरं, उतारावर गाडी लावून बघा. खटका ढिला असेल तर दार परत पायावर येतं. गरोदर बाई दारावर भार देते, तेव्हा ते जागचं हलता कामा नये.

मागचं दार वरून मोठं दिसतं, पण खाली चाकाच्या कमानीने जागा खाल्लेली असते. पाऊल तिथे अडकतं.

देवगडचा_बाप्या

आमच्या काकाकडे ओम्नी होती. सरकतं दार, सीट बरोबर बसायच्या उंचीला. गावातल्या किती बाया त्याच गाडीतून बाळंतपणाला गेल्या असतील. लोक तिला हसायचे.

एडिसनची_पमी

इकडे न्यू जर्सीत मिनीव्हॅनची मागची दारं सरकतीच असतात. पार्किंगमध्ये शेजारची गाडी चिकटून असली तरी चिंता नाही. बाळ झाल्यावर तर सोनंच, कारण बाळाची सीट बसवताना दार पाठीवर येत नाही. पण मी स्वतः पुढे बसायचे, आणि पुढचं दार साधंच! नवरा म्हणायचा मागे बस. मागे मला मळमळ. तो प्रश्न आमच्याकडे सुटलाच नाही.

विन्या७७

मळमळीला आवळासुपारी.

सांगलीची_सून

कोकमाचं सरबत. पण खूप गोड नको.

मृण्मयी_पुणे

(मळमळीचा वेगळा धागा काढा रे.)

रविवारचा अहवाल. टेलरकडची टेप घेऊन गेलो. सेल्समन आधी हसला, मग स्वतःच टेपचं दुसरं टोक धरायला लागला. वहिनी पाच फूट एक इंच. तीन गाड्या बघितल्या, नावं नको.

पहिली सेडान. सीटची कड जमिनीपासून ४७ सेंटिमीटर. ती बसल्यावर गादी आणखी चारेक सेंटिमीटर दबली. उठताना तीन झोके. दादा गप्प.

दुसरी मोठी एसयूव्ही, दादाची लाडकी. सीट ७० सेंटिमीटर. पाठ करून उभी राहिली तर कड कुल्ल्यांच्या वर. टाचा सोडाच, चवडेही टेकेनात. शिवाय दाराचा उंबरठा रुंद, पाय बाहेर काढताना पोटरी त्यावर घासत होती, सलवारीला धूळ.

तिसरी उंच हॅचबॅक, ५८ सेंटिमीटर. बसली, टाचा टेकल्या, दोन्ही पाय एकदम आत. उठताना हात फक्त मांड्यांवर. सेल्समनने टाळी वाजवली, आम्हाला लाजच वाटली.

पण त्याच गाडीत मागे बसून बघितलं तर गॅरेजवाले म्हणाले तेच, डाव्या पावलाची टाच कमानीत अडकली. दोनदा.

एक शंका: पुढची सीट पूर्ण मागे सरकवली तर वळायला उलट जास्तच त्रास झाला. असं का?

प्राची_फिजिओ

कारण सीट मधल्या खांबाच्या आड जाते. वळताना खांदा तिथे आपटतो, पायांना मात्र जागा असते. लोक नेमकं "पूर्ण मागे घ्या" सांगतात. पूर्ण मागून एक-दोन खटके पुढे आणायची आणि पाठ जरा मागे झुकवायची. ज्या जागी खांदा मोकळा वळतो ती तिची जागा. गादीच्या कडाही बघा. स्पोर्टी सीटच्या वर आलेल्या कडा असतील तर ती कड ओलांडून बसावं लागतं, आणि टेपने मापलेली उंची फसवते.

कोल्हापुरी_रस्सा

बरं, मग मधली एसयूव्ही? छोटी?

गॅरेजवाला_नाशिक

असेल बरी, नसेलही. ग्राउंड क्लिअरन्स आणि सीटची उंची एक नव्हे. कंपनी पहिला आकडा छापते, दुसरा छापत नाही. टेप घेऊन जा.

मृण्मयी_पुणे

दादा आता छोट्या एसयूव्हीवर अडलाय, वहिनी हॅचबॅकवर. तोवर बुटक्या गाडीचा उपाय: ती सोसायटीच्या पायऱ्यांजवळ थांबते, दादा गाडी बाहेर काढून आणतो आणि सपाट रस्त्यावर लावतो. पदपथाला चिकटवली तर सीट आणखी खाली जाते, हे एकदा अनुभवलं.

शिवाय तिसऱ्या गाडीला दहा आठवडे थांबा म्हणाले.

सोसायटीचा_सेक्रेटरी

दहा आठवडे म्हणजे कोणाची डिलिव्हरी आधी?

मृण्मयी_पुणे

तेच आईने विचारलं. दादाने उत्तर दिलं नाही.

सांगलीची_सून

टेलरची टेप परत दिलीत का? आमच्याकडची नेलेली कधीच परत येत नाही.