अनुभव धागा: खात्यात पैसे दिसतात, पण निघत नाहीत

मृण्मयी_क
काल भाचीचा फोन आला, "मावशी, पगार जमा झालाय पण भाडं जातच नाहीये, बँकवाले लियन म्हणतायत, म्हणजे पैसे धरून ठेवलेत." ऐकलं आणि माझं जुनं सगळं आठवलं.

मी घरून कपडे शिवून देते. एका अनोळखी गिऱ्हाइकाने ४,५०० रुपये यूपीआयने दिले, कपडे कुरिअरने गेले, विषय संपला. काही आठवड्यांनी सगळे व्यवहार फेल व्हायला लागले. शिल्लक ८६,४०० दिसत होती, पैसे जमाही होत होते, फक्त बाहेर जात नव्हते. काउंटरवर एकच उत्तर, "वरून ऑर्डर आहे." मग लेखी अर्ज दिला तेव्हा कळलं की परराज्यात कुणाची तरी फसवणूक झाली होती, आणि त्यातले पैसे दोन खाती फिरून माझ्याकडे आले होते.

ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी लिहा प्लीज.

सावली२२
बापरे ताई. आमच्या बाबांचं पण झालेलं, रात्री सविस्तर लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

निवृत्त_बँकवाला
भाचीला आधी उपलब्ध शिल्लक बघायला सांगा. नुसता रकमेवर लियन असेल तर, तुमचेच आकडे घेतले तर, ८६,४०० मधून ४,५०० अडकून ८१,९०० वापरता आले पाहिजेत. एक रुपया कुणाला तरी पाठवून बघा. गेला तर फक्त रक्कम धरलेली आहे. तोही अडला आणि दुसरं काही कारण नसेल, तर बहुतेक अख्ख्या खात्याला डेबिट फ्रीझ आहे, म्हणजे काहीच बाहेर जाणार नाही. दोन्हींचे अर्ज वेगळे, म्हणून हे आधी ठरवावं.

बँकेकडून चार गोष्टी लेखी मागायच्या: आदेश कुणाचा, तारीख काय, कुठल्या कलमाखाली, किती रकमेसाठी. सायबर फसवणुकीचं असेल तर १९३० हेल्पलाइन किंवा सायबर पोर्टलवरच्या तक्रारीचा नंबरही. ही माहिती नसेल तर पुढे कुणाला लिहायचं तेच कळत नाही. शाखेशी भांडून उपयोग नाही, ज्याने आदेश दिला त्याचंच पत्र आलं की बँक तो काढते.

रोहन_पी
कोर्टाच्या ऑर्डरशिवाय पोलीस खातं गोठवूच शकत नाहीत. सरळ आरबीआयकडे तक्रार टाका.

निवृत्त_बँकवाला
रोहन, गोठवू शकतात. पूर्वी फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, सीआरपीसीचं, कलम १०२ होतं, १ जुलै २०२४ पासून त्याजागी आलेल्या बीएनएसएसचं १०६. बँक खातं त्यात येतं हे सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्येच सांगितलंय. पण जप्तीची खबर मॅजिस्ट्रेटला ताबडतोब द्यावी लागते, आणि ती दिली का हे तुम्ही विचारू शकता. बँक तपशीलच देत नसेल तर आरबीआयच्या लोकपालाकडे जा, आदेश रद्द करणं मात्र त्यांच्या हातात नाही.

गौरी_एस
माझ्या एफडीवर पण लियन लिहून येतंय! कर्ज काढलंय त्यावर. पोलिसांकडे जायचं का??

मृण्मयी_क
नाही गं, ते तुझ्या कर्जाचं तारण. कर्ज फिटलं की निघेल. निवांत राहा.

गौरी_एस
हुश्श. ताई, ब्लाउज शिवता का अजून?

मृण्मयी_क
हो, मेसेज कर.
बाकीच्यांसाठी पुढचं: तपास अधिकाऱ्याला ईमेल केला. बिल, गिऱ्हाइकाबरोबरचं चॅट, कुरिअरची पावती, त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर आणि स्टेटमेंटचं ते पान जोडलं. मागणी एकच लिहिली: वादातली रक्कम ठेवा, बाकी खातं मोकळं करा. आधी उत्तर नाही, मग पाठपुरावा केल्यावर त्यांचं पत्र बँकेला गेलं आणि खातं सुरू झालं. ४,५०० मात्र अजून अडकलेलेच आहेत.

अ‍ॅड_मनवा
त्या ४,५०० साठी संबंधित मॅजिस्ट्रेटकडे बीएनएसएस ५०३ खाली अर्ज करता येतो, जुनं ४५७. पण ज्याचे पैसे गेले तोही मागेल, त्यामुळे माल खरंच दिल्याचा पुरावा जपून ठेवा. रक्कम लहान आणि कोर्ट लांब असलं की लोक सोडून देतात, याचं वाईट वाटतं.

सावली२२
आले. बाबांचं सायबरचं नव्हतं, आयकराच्या जुन्या मागणीचं होतं, २२६(३) ची नोटीस. त्यात रक्कम नुसती अडकत नाही, बँकेला ती विभागाकडे भरावी लागते. बाबांनी तो कर आधीच भरला होता, चलान दाखवून दुरुस्तीचा अर्ज केला. विभागाचं पत्र आलं तेव्हाच बँकेने सोडलं. मधल्या काळात घरकर्जाचा हप्ता बाउन्स, त्याचा दंड वेगळा! हप्ता आधीच दुसऱ्या खात्यावर वळवा हो.

रोहन_पी
बाउन्सचा दंड परत मिळाला का?

सावली२२
नाही मिळाला. कर्ज देणाऱ्यांना लिहिलंय, बघू.

अमेय७
मला "फ्रीझ काढून देतो, आधी फी पाठवा" असे फोन येतायत. नंबर कुठून मिळाला कळत नाही.

अ‍ॅड_मनवा
एक पैसा पाठवू नका. पोलीस ठाण्याचा नंबर स्वतः शोधून तिथे खात्री करा. तुमचा आदेश कुठला आहे, कळलंय का?

अमेय७
बँक सोमवारी लेखी देते म्हणालीये. मिळालं की इथे टाकतो.