शब्दचर्चा: ‘कॅरेक्टरिस्टिक नोट’ला मराठीत काय म्हणावं?

मृण्मयी_अनु
एका संगीतविषयक लेखाचा अनुवाद चालू आहे. त्यात डोरियन, मिक्सोलिडियन वगैरे चर्च मोड्सबद्दल असं विधान आहे की प्रत्येक मोडमध्ये एक ‘कॅरेक्टरिस्टिक नोट’ असते आणि मोडचा रंग तिच्यामुळे येतो. डोरियनमध्ये सहावा स्वर, मिक्सोलिडियनमध्ये सातवा. ‘मोड’ तसाच ठेवणार आहे, कारण मराठीत मोड म्हटलं की आधी मटकी आठवते, पण ‘थाट’ म्हणणंही जड जातंय. खरा प्रश्न त्या नोटचा आहे. ‘वैशिष्ट्यपूर्ण स्वर’ फारच कोरडं वाटतं. गाणारे-वाजवणारे काय म्हणतील?

वसंत_क
सरळ ‘वादी’ म्हणा. रागाची ओळख वादीवरून होते, मोडची या नोटवरून. आपल्याकडे शब्द असताना नवा कशाला घडवायचा? डोरियन म्हणजे काफी थाट आणि मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, हेही लेखात एकदा लिहून टाका, वाचकाला लगेच कळेल.

धैवत
थाटांची जोडी बरोबर आहे, पण ‘वादी’ नको. काफी रागाचा वादी पंचम आणि खमाजाचा गंधार. लेखातला स्वर मात्र डोरियनमध्ये शुद्ध धैवत आहे आणि मिक्सोलिडियनमध्ये कोमल निषाद. म्हणजे एकही जुळत नाही. वादी हा रागात सर्वांत जास्त वावरणारा, पुन्हा पुन्हा ज्यावर येऊन थांबावं असा स्वर. मोडचा रंग देणारा स्वर कधी कधी एकदाच लागतो आणि तेवढ्यानं काम होतं.

पेटी समोर असेल तर फक्त पांढऱ्या पट्ट्या वापरून बघा. पांढरी २ ला सा धरून वर गेलात की काफी, म्हणजे डोरियन. आसावरीसारखेच सगळे स्वर आहेत, फक्त धैवत शुद्ध आहे आणि तो पांढरी ७ वर येतो. आता पांढरी ५ ला सा धरा. बिलावलसारखंच सगळं, पण निषाद कोमल, आणि तो पांढरी ४ वर येतो. हे मिक्सोलिडियन.

राजू_पट्टी
म्हणजे ही पट्टी बदलण्याचीच गोष्ट झाली ना? काळी १ मध्ये गाणारा पांढरी ४ मध्ये गायला की रंग बदलतोच. माझा आवाज पांढरी ५ ला जास्त खुलतो, तर मी मिक्सोलिडियन गातो म्हणायचं का?

धैवत
नाही. पट्टी बदलताना सगळे स्वर सा बरोबर सरकतात, त्यांच्यातली अंतरं तशीच राहतात. बिलावल पांढरी ५ वरून गायलात तर निषादासाठी तुम्हाला काळी ३ घ्यावी लागेल. ती न घेता पांढरी ४ च ठेवली, तर ते मिक्सोलिडियन. इथे पट्ट्या त्याच राहतात आणि सा सरकतो, म्हणून अंतरांचा क्रम बदलतो. आपल्या जुन्या ग्रंथांतली मूर्च्छना या कल्पनेच्या जास्त जवळ जाते. थाट हे त्या मानानं अलीकडचं वर्गीकरण.

मांडवी_कॉयर
मी गिटारवर साथ करतो, त्यामुळे अडचण वेगळी आहे. डोरियन हवं म्हणून डी मायनर सेव्हन्थ आणि जी सेव्हन्थ असे दोन कॉर्ड आलटून पालटून वाजवतो. बी हा स्वर जी सेव्हन्थमध्ये आहे, म्हणजे रंग देणारा स्वर लागला. तरी चार आवर्तनांनी गाणाऱ्यांना सी हेच घर वाटायला लागतं आणि शेवट सी मेजरवर होतो. बी इतका ठळक असूनही डोरियन का टिकत नाही?

धैवत
कारण जी सेव्हन्थमध्ये बी एकटा नाही, सोबत एफ आहे. पेटीच्या भाषेत पांढरी ७ आणि पांढरी ४. काळ्या पट्ट्या धरून मोजलं तर दोघांत बरोबर सहा पट्ट्यांचं अंतर आहे, म्हणजे सप्तकाचा अर्धा भाग. सातही पांढऱ्या पट्ट्यांत असं अंतर या एकाच जोडीत येतं. दोन्ही एकदम वाजले की सातवीला एक पट्टी वर, पांढरी १ कडे जायचं असतं आणि चौथीला एक पट्टी खाली, पांढरी ३ कडे. दोघं मिळून सी मेजरचा पाया आणि गंधार दाखवतात. तुमचा शेवट सी वर जातो तो त्यामुळे.

उपाय सोपा आहे. जी सेव्हन्थऐवजी साधा जी मेजर वाजवा, एफ सोडून द्या. खाली बेसमध्ये डी टिकवून ठेवा. म्हणजे डी मायनरमध्ये एफ वाजेल, जी मध्ये बी वाजेल, पण दोघं एकमेकांना कधी भेटणार नाहीत. सी चा कॉर्ड हवाच असेल तर हलक्या मात्रेवर घ्या, समेवर नको. आणि शेवटाला ए मेजर घ्यायचा मोह टाळा. त्यात सी शार्प, म्हणजे शुद्ध निषाद आहे, आणि तो आला की ऐकणाऱ्याला साधा मायनर ऐकू येतो. नीट जमलंय का हे तपासायचं असेल तर मध्येच गिटार थांबवा आणि गाणाऱ्यांना ‘जिथे थांबावंसं वाटतं तो स्वर गुणगुणा’ म्हणा. डी आला तर डोरियन टिकलं, सी आला तर घसरलं.

मांडवी_कॉयर
साधा जी घेऊन बघितलं, डी वर थांबले. पण मिक्सोलिडियनमध्ये तर सा चाच कॉर्ड जी आहे. त्यात कोमल निषाद मिळवला की जी सेव्हन्थ होणारच. तिथे काय करायचं?

धैवत
तिथे जास्त जपावं लागतं, कारण सा च्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार म्हणजे बी आधीच बसलेला आहे. म्हणून कोमल निषाद जी च्या कॉर्डमध्ये घालू नका, त्याला स्वतःचा कॉर्ड द्या: एफ मेजर. जी, एफ, पुन्हा जी. एफ च्या कॉर्डमध्ये बी नाही आणि जी च्या साध्या कॉर्डमध्ये एफ नाही. डी मेजर टाळा, त्यातला एफ शार्प आला की बिलावल झालं.

बाराबार
इथे थोडा विरोध नोंदवतो. ब्लूजमध्ये सा चा कॉर्डच सेव्हन्थ असतो, बी आणि एफ दोन्ही एकत्र असतात आणि तरी कुणाला सी कडे जावंसं वाटत नाही. शेवटचा कॉर्डसुद्धा तसाच सोडतात. म्हणजे ती ओढ निसर्गनियम नाही, सवयीची आहे.

धैवत
मान्य. ज्या कानांना मेजर-मायनरची सवय आहे त्यांच्यासाठीचा सल्ला मी दिला. चर्चच्या कॉयरला तो लागू पडतो, ब्लूजला नाही.

अंशन्यास
मूळ शब्दाकडे येते. ‘प्रत्येक चर्च मोडचा एक रंग देणारा स्वर’ ही कल्पनाच मध्ययुगीन नाही, हे अनुवादात जपायला हवं. ग्रेगोरियन गायनात मोड ठरायचा तो शेवटच्या स्वरावरून आणि ज्या स्वरावर पाठ म्हणत राहायचं त्या स्वरावरून. शेवट डी वर आणि पाठ ए वर, तर पहिला मोड. शेवट डी वरच पण पाठ एफ वर, तर दुसरा. तसंच जी आणि डी असेल तर सातवा, जी आणि सी असेल तर आठवा. चार शेवट, प्रत्येकाचे दोन प्रकार, म्हणून एकूण आठ. एओलियन आणि आयोनियन ही नावं ग्लारेआनुस या स्विस विद्वानानं १५४७ मध्ये छापलेल्या ग्रंथात मिळवली आणि संख्या बारा केली.

आणि गंमत अशी की डोरियनचा तथाकथित खास स्वर त्या गायनात पक्का नव्हताच. चाल ए वरून एकच पायरी चढून लगेच खाली येणार असेल तर तिथे बी ऐवजी बी फ्लॅट गायचा प्रघात होता. म्हणजे शुद्ध धैवताच्या जागी कोमल. उलट ‘आवे मारिस स्तेल्ला’ या पहिल्या मोडमधल्या स्तोत्राची प्रसिद्ध चाल सा वरून थेट पंचमावर झेपावते आणि लगेच शुद्ध धैवत घेते. तिथे डोरियनचा रंग पहिल्या तीन स्वरांत कळतो. दोन्ही चाली पहिल्या मोडच्याच मानल्या जातात.

वसंतरावांचा ‘वादी’ इथे मात्र थोडा उपयोगी आहे. पाठ म्हणायचा स्वर वादीच्या किंवा जातिगायनातल्या ‘अंश’ स्वराच्या जवळ जातो आणि शेवटचा स्वर म्हणजे ‘न्यास’. अनुवादात त्या दोन जागा या शब्दांनी भरता येतील.

वसंत_क
ठीक, मग ‘वादी’ तिकडे गेला. या स्वराला ‘भेदक स्वर’ म्हणू. आसावरी आणि काफीत भेद करतो तो.

मृण्मयी_अनु
‘भेदक’ आवडलं. पण अडलंच: काफी आणि खमाज यांच्यात भेद करणारा स्वर धैवत नाही, गंधार आहे. मग डोरियनचा भेदक स्वर धैवत की गंधार?

धैवत
फार नेमका प्रश्न विचारलात. प्रत्येक मोडचे जवळचे शेजारी बघा, म्हणजे ज्यांच्याशी एकाच स्वराचा फरक आहे असे. डोरियनचे शेजारी दोन: आसावरी, धैवताचा फरक, आणि खमाज, गंधाराचा फरक. पांढरी २ ला सा धरलं तर धैवत म्हणजे पांढरी ७ आणि गंधार म्हणजे पांढरी ४. तीच जोडी, जिनं मांडवीला सी कडे ओढलं होतं! मिक्सोलिडियनचे शेजारी बिलावल आणि काफी, फरक निषादाचा आणि गंधाराचा. पांढरी ५ वरून मोजा, पुन्हा ४ आणि ७.

म्हणजे भेदक स्वर खरं तर दोन असतात. त्यातला कोणता ‘खास’ म्हणायचा हे तुलना कशाशी करता त्यावर आहे. पाश्चात्त्य पुस्तकं कोमल गंधाराचे मोड मायनरशी ताडतात आणि शुद्ध गंधाराचे मेजरशी. म्हणून त्यांना डोरियनमध्ये धैवत आणि मिक्सोलिडियनमध्ये निषाद खास वाटतो. लिडियनमध्ये, म्हणजे कल्याणात, प्रश्नच येत नाही. पांढरी ४ हा तिथे सा च आहे, मग उरते ती फक्त ७, म्हणजे तीव्र मध्यम.

अंशन्यास
म्हणूनच मी ‘रंगस्वर’ म्हणेन. ‘भेदक’ म्हटलं की कशापासून भेद, हे सांगावं लागतं. ऐकणाऱ्याला जो रंग जाणवतो तो तुलना न करताही जाणवतो.

वसंत_क
मला उलट वाटतं. तुलना न करता जाणवतो असं आपल्याला वाटतं, पण कानात मायनर आधीच बसलेला असतो. ज्यानं आयुष्यभर काफी ऐकला त्याला शुद्ध धैवत मुळीच वेगळा वाटणार नाही, त्याला आसावरीचा कोमल धैवत खुपेल. ‘भेदक’ हा शब्द निदान तुलना लपवत नाही.

मृण्मयी_अनु
लेख मेजर-मायनरच्या कानानं लिहिलेला आहे, त्यामुळे पहिल्या उल्लेखात ‘मायनरपासून वेगळा करणारा स्वर’ असं पूर्ण वाक्य लिहिते आणि पुढे ‘भेदक स्वर’ वापरते. ग्रेगोरियनच्या परिच्छेदात तो शब्द येऊ देणार नाही, तिथे न्यास आणि अंश. ‘रंगस्वर’ शीर्षकासाठी राखून ठेवलाय, पण त्यावर अजून ठाम नाही.

राजू_पट्टी
पेटीवर पांढरी ३ ला सा धरून बघितलं. भैरवी आली, आणि कोमल रिषभ पांढरी ४ वर आहे. पांढरी ७ ला सा धरलं तर पंचमच सापडत नाही. बरोबर वाजवतोय का?

धैवत
बरोबर. तिथे पंचमाच्या जागी पांढरी ४ येते आणि ती एक पट्टी खाली आहे. त्याला लोक्रियन म्हणतात. आपल्या दहा थाटांत तो नाही, कारण थाटाला पंचम हवाच.