मदत हवी आहे: निळ्या नकाशातल्या बारीक रेषा थ्रेशोल्डमध्ये तुटतात

आजोबांनी बांधलेल्या घराचा जुना ब्लूप्रिंट ६०० डीपीआयवर स्कॅन केलाय. निळ्या कागदावर पांढऱ्या रेषा आहेत. मला पारदर्शक पार्श्वभूमीवर फक्त काळ्या रेषा हव्यात, म्हणजे नवा नकाशा खाली ठेवून भिंती जुळवून बघता येतील.

GIMP मध्ये लाल चॅनेल वेगळा काढला, कारण त्यात निळा रंग जवळजवळ काळा दिसतो आणि रेषा उठून येतात. मग इन्व्हर्ट करून Threshold लावला. भिंतींच्या जाड रेषा सुरेख आल्या. पण कागद मधोमध घडीवर फिका पडलाय. घडी साफ होईपर्यंत आकडा खाली आणला, की मापांच्या बारीक रेषा तुटतात. वर नेला, की घडीचा जाड काळा पट्टा येतो. जिन्याची मापं नेमकी त्या घडीवरच आहेत, ती गमावायची नाहीत.

इन्व्हर्ट केलेल्या लेयरची प्रत खूप ब्लर करून वर Divide मोडमध्ये ठेवली, तर पार्श्वभूमी बरीच सपाट झाली. ब्लर किती पिक्सेलचा ठेवावा? आणि Threshold वगळून थेट Color to Alpha ने पांढरा काढला, तर रेषांच्या कडा चांगल्या राहतील का? कुणी असा नकाशा साफ केला असेल तर कृपया सांगा.