मदत हवी आहे: ॲप काढलं, पण कार्डाचं टोकन बँकेत तसंच दिसतंय

आईच्या डेबिट कार्डावरून आम्ही एका किराणा ॲपवर खरेदी करायचो. ते ॲप आता वापरत नाही, म्हणून मार्चमध्ये फोनवरून काढून टाकलं. काल बँकेच्या ॲपमध्ये टोकनची यादी पाहिली, तर त्या दुकानाचं टोकन अजून चालू!

१ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना पूर्ण कार्ड नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन असतं, आणि प्रत्येक दुकानाचं टोकन वेगळं, हे मला माहीत आहे. त्यामुळे हे एक काढलं तरी बाकीची दुकानं चालू राहतील. अडचण पुढे आहे. यादीत आणखी एक नोंद आहे, तिच्यावर दुकानाऐवजी पेमेंट गेटवेसारखं काहीतरी नाव आहे. आईचं वर्तमानपत्राचं मासिक वर्गणीचं ऑटो-पे याच कार्डावर आहे. ती नोंद त्याचीच असली आणि मी काढली, तर पुढचा हप्ता अडकेल अशी भीती वाटते.

दुकान कोणतं हे कसं ओळखायचं? जुन्या व्यवहारांच्या मेसेजशी तारीख जुळवून कोणी पाहिलं आहे का? आणि आधी ऑटो-पे रद्द करायचं की थेट टोकन काढायचं?