मदत हवी आहे: तक्रारीच्या उत्तरात तिघांचा सूर एक कसा ठेवायचा?

इंदूरच्या एका नमकीन दुकानासाठी लेखनाची नियमावली करतोय. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि गूगलवरच्या रिव्ह्यूंची उत्तरं तिघं वेगवेगळे लिहितात.

पहिल्या मसुद्यात ‘आपुलकीचा, मिश्कील’ अशी नुसती विशेषणं होती. मिश्कीलचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावला. म्हणून आता प्रत्येक विशेषणाखाली एकच मजकूर दोनदा दिलाय: चालेल असा आणि चालणार नाही असा. ग्राहकाला सगळीकडे ‘तुम्ही’, आणि ‘लौंग सेव’ हेच नाव. ‘लवंग शेव’ लिहिलं तर इथे कोणी ओळखायचं नाही! एवढं जमलं.

अडतंय ते तक्रारीपाशी. ‘शेव मऊ निघाली’ याला इन्स्टाग्रामवर ‘अरेरे, शेव रुसली!’ जातं, गूगलवर ‘आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’. दोन्ही नकोत. मी सुचवलेला क्रम असा: आधी चूक मान्य, मग उपाय, मग मुदत; विनोद अजिबात नाही. ‘शेव मऊ निघाली, चुकलंच. पाकिटावरच्या तारखेचा फोटो पाठवा, उद्यापर्यंत बदलून देतो.’ व्हॉट्सॲपवर हे चालतं. पण गूगलवर तेच वाक्य सगळ्यांना दिसतं, आणि बदलून द्यायचं जाहीर वचन ठरतं.

मग नियम प्रसंगानुसार मांडून माध्यमाचे अपवाद खाली द्यावेत, की प्रत्येक माध्यमाचं पान वेगळं करावं? वेगळ्या पानांत एक नियम बदलला की उरलेली दोन जुनीच राहतात, ही भीती आहे. तुम्ही कसं केलंय?