'स्ट्रक्चरल ब्रेक'ला खंड म्हणावं का?

साकव: सुपारी बागायतदारांसाठी उत्पन्नाच्या आकड्यांवर टिपण लिहितोय. वर्षानुवर्षांच्या आकड्यांची पातळी एकदम बदलून तशीच राहिली, की त्याला 'स्ट्रक्चरल ब्रेक' म्हणतात. 'निसर्ग वादळामुळे मालिकेत संरचनात्मक खंड पडला' असं लिहिलं, तर पहिल्याच वाचकाने विचारलं, "कुठल्या वर्षांचे आकडे गहाळ आहेत?" दुसरा शब्द सुचवा.

तांडेल: बरोबरच विचारलं त्याने. पावसाने खंड दिला म्हणजे तो परत येणार. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तोही खंडच.

आकडेमोड: तांडेल, बंदी दरवर्षी त्याच महिन्यांत येते, म्हणून ती हंगामात धरून टाकता येते. ३ जून २०२०ला श्रीवर्धनकडच्या पोफळी आडव्या झाल्या. नवीन रोप धरायला पाच-सात वर्षं लागतात, म्हणजे आकडे येत राहिले पण पातळीच खाली गेली. समजण्यापुरतं धरा, १७ वर्षं दरसाल १०० मण, नंतर ३ वर्षं ४०. वीस वर्षांची सरासरी ९१ येते. पुढच्या वर्षाचा अंदाज म्हणून ९१ सांगितलेत, तर व्यापारी हसेल.

शुद्धमती: 'रचनाभंग' म्हणा. व्रतभंग, तपोभंग आहेतच की.

पोफळबाग: आलेखात जिथे घसरण दिसते तिथे चाऊ टेस्ट लावा, त्या तारखेआधीची आणि नंतरची पातळी खरंच वेगळी आहे का ते ती सांगते, झालं. शब्द कुठलाही ठेवा.

आकडेमोड: तारीख वादळाने दिली असेल तर चाऊ चालेल. आलेख बघून तारीख निवडलीत, तर सगळ्या वर्षांतलं सर्वांत मोठं अंतर तुम्ही आधीच हुडकलेलं असतं. मग नसलेला ब्रेक दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांवर ठेवायला टेस्टच्या आकड्याची ३.८४ ही मर्यादा पुरत नाही, सुमारे ८.७ लागते. शिवाय या शोधात दोन्ही टोकांची १५ टक्के वर्षं सहसा सोडतात. वीसात ती ३ होतात, म्हणजे वादळानंतर दोनच वर्षं हाती असती तर वादळाची तारीख तपासलीच गेली नसती.

साकव: मग शेवटची तीनच वर्षं घेऊन ४० सांगू?

आकडेमोड: ९१पेक्षा बरं, पण तीन आकड्यांवरचा अंदाज डळमळीत. जुनी वर्षं थोड्या वजनाने घेतली तर डळमळ कमी होते, पण अंदाज वर ओढला जातो. आणि नवी झाडं धरू लागली की ४०सुद्धा कमी पडेल. शब्दाचं म्हणाल तर 'भंग' नको, मोडून काही संपलेलं नाही. रेल्वेत सांधा बदलतात, गाडी चालूच राहते, रूळ दुसरा. 'सांधेबदल' कसा?

पोफळबाग: सांधेबदल म्हटलं की आमच्याकडे गुडघ्याचं ऑपरेशन!

शुद्धमती: म्हणूनच म्हणते, रचनाभंग.

तांडेल: ते राहू दे. मण कुठला धरलात? ४० किलोचा की जुना ४० शेरांचा?

आकडेमोड: जुना सुमारे ३७.३ किलोचा. साकव, वह्यांत मधेच मण बदललाय का ते आधी बघा. बदलला असेल, तर झाडं तीच असूनही त्या वर्षी पातळी ७ टक्क्यांनी उतरलेली दिसेल, आणि टेस्ट त्यालाच ब्रेक म्हणेल.

साकव: बघतो. दोन वह्यांत नुसतंच 'म.' लिहिलंय.