मदत हवी आहे: क्लाउड नसलेला हब, व्हीपीएसमार्गे वायरगार्ड, आणि तासाभराने बंद पडणारा टनेल

नीलपंख

घरी रास्पबेरी पायवर होम असिस्टंट चालवतो. हबला कुठल्याच कंपनीचा क्लाउड जोडलेला नाही आणि मला तो जोडायचाही नाही. दिवे-पंख्यांचं एक वेळ चालेल, पण पाण्याचा मुख्य व्हॉल्व्हही याच हबवर आहे. घरात कोणी नसताना गळती झाली तर तो बाहेरून बंद करता यायलाच हवा.

राउटरच्या वॅन पानावर `100.72` ने सुरू होणारा पत्ता दिसतो, म्हणजे स्वतःचा पब्लिक आयपी नाही. म्हणून एक लहान व्हीपीएस भाड्याने घेतला. हब आणि फोन दोघेही वायरगार्डने त्याला जोडलेत. व्हीपीएस `10.66.0.1`, हब `10.66.0.2`, फोन `10.66.0.3`. व्हीपीएसवर `net.ipv4.ip_forward=1` केलेलं आहे. हबवरची फाइल अशी:

```
[Interface]
PrivateKey = (लपवली आहे)
Address = 10.66.0.2/24

[Peer]
PublicKey = (लपवली आहे)
Endpoint = 203.0.113.10:51820
AllowedIPs = 10.66.0.0/24
```

बाहेर पडल्यावर मोबाइल डेटावरून `http://10.66.0.2:8123` लगेच उघडतं. अ‍ॅप वापरत राहिलो तर तासन्‌तास चालतं. पण फोन खिशात टाकला आणि तासाभराने पुन्हा उघडलं की नुसतं चक्र फिरत राहतं. घरी येऊन हबवरून व्हीपीएसला पिंग केलं की सगळं ठणठणीत, आणि मग बाहेरूनही पुन्हा चालतं. घरच्यांना फोन करून पाय रीस्टार्ट करायला लावला, त्यानेही फरक पडला नाही. दोष नेमका कुठे शोधू?

जुना_राउटर

इतका द्राविडी प्राणायाम कशाला? राउटरवर ८१२३ पोर्ट फॉरवर्ड करा, डायनॅमिक डीएनएस लावा, संपलं. माझ्याकडे कित्येक वर्षं असंच चाललंय.

खटपट्या

@जुना_राउटर, त्यांनी पत्ता दिलाय तो बघा. `100.64` पासून `100.127` पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी राखीव आहेत. बाहेरून आलेलं पाकीट त्यांच्या राउटरपर्यंत पोहोचणारच नाही, मग तिथे पोर्ट फॉरवर्ड करून काय होणार? आणि पब्लिक आयपी असता तरी लॉगिनचं पान साऱ्या जगापुढे उघडं ठेवा असं मी कोणालाही सांगणार नाही.

@नीलपंख, तुमची लक्षणं अगदी स्पष्ट आहेत. हबच्या फाइलमध्ये `PersistentKeepalive` नाही. बोलण्यासारखं काही नसेल तर वायरगार्ड गप्प बसतं. हब गप्प बसला की कंपनीच्या नॅटमधली त्याची नोंद पुसली जाते. यूडीपीच्या नोंदी काही ठिकाणी अर्ध्या मिनिटातच जातात. त्यानंतर तुम्ही फोनवरून अ‍ॅप उघडता, व्हीपीएस हबच्या जुन्या पत्त्यावर पाकिटं पाठवत राहतो आणि ती वाटेतच टाकून दिली जातात. हबला कुणी बोलावतंय हे कळतच नाही.

रीस्टार्टने काही न होण्याचं कारणही हेच. टनेल उभा राहिला तरी हबकडून बाहेर पहिलं पाकीट जात नाही. घरून पिंग केल्यावर मात्र ते जातं, म्हणून तपासायला गेलात की दोष आपोआप नाहीसा होतो.

शेवंता

म्हणजे `PersistentKeepalive = 25` ही ओळ व्हीपीएसवर दोन्ही पीअरखाली घालायची ना? मी तसंच केलंय, फोनमध्येही घातलीय. तिन्हीकडे असली म्हणजे काळजी नको.

खटपट्या

आकडा बरोबर आहे, जागा नाही. ओळ हबच्या फाइलमध्ये, `[Peer]` खाली हवी. नोंद टिकते ती आतून बाहेर जाणाऱ्या पाकिटांमुळे. बाहेरून आत येणाऱ्या पाकिटांनी ती टिकेलच असं नाही. शिवाय व्हीपीएसने पाठवलेल्या रिकाम्या पाकिटाला हब उत्तर देत नाही. एकदा नोंद गेली की व्हीपीएसला ती पुन्हा उघडता येत नाही, हबला येते. फोनवर तर तिचा उपयोग नाही, बॅटरी तेवढी जास्त जाते. अ‍ॅप उघडताना संभाषण फोनच सुरू करतो.

नीलपंख, बदल करण्याआधी एक तपासणी कराच. बाहेर असताना, बंद पडलेल्या स्थितीत, व्हीपीएसवर एसएसएचने जा आणि `wg show` चालवा. फोनच्या पीअरपुढे `latest handshake` काही सेकंदांपूर्वीचा आणि हबच्या पीअरपुढे तासाभरापूर्वीचा दिसला, तर माझं निदान बरोबर. दोन्ही ताजे असतील तर चूक माझी, मग व्हीपीएसचा फायरवॉल बघू.

मोरपीस

माझंही असंच होतंय. मित्राच्या घरच्या वायफायवरून हब उघडत नाही, मोबाइल डेटावरून उघडतो. वायरगार्ड राउटरवर आहे आणि हबचा पत्ता `192.168.1.20`. ही ओळ घातली तर होईल का?

खटपट्या

नाही, तुमचं दुखणं वेगळं आहे. मित्राच्या घरातले पत्तेही बहुधा `192.168.1` नेच सुरू होतात. फोनला वाटतं की `192.168.1.20` इथेच, याच वायफायवर आहे, म्हणून तो टनेलकडे वळतच नाही. घरातल्या नेटवर्कची श्रेणी बदला, `192.168.87` वगैरे काहीही सहसा कोणी न वापरणारी घ्या. किंवा नीलपंख यांच्यासारखं वायरगार्ड थेट हबवर बसवा आणि टनेलमधल्या पत्त्यानेच हब उघडा.

नीलपंख

तपासलं. फोन १२ सेकंदांपूर्वी, हब १ तास ४० मिनिटांपूर्वी. घरी आल्यावर ओळ घातली, `wg-quick down wg0` आणि `wg-quick up wg0` केलं. रात्रभर फोन हबपासून तोडून ठेवला होता. सकाळी मोबाइल डेटावरून पहिल्याच फटक्यात उघडलं. व्हीपीएसवर हबचा हँडशेक आता कधीही बघितला तरी दोन-सव्वादोन मिनिटांच्या आतला दिसतो. हे ठीक ना?

खटपट्या

ठीक आहे. दर २५ सेकंदांनी काहीतरी जात असलं की किल्ली साधारण दोन मिनिटांनी बदलते. हा आकडा पाच मिनिटांपलीकडे गेलेला दिसला तर घरची वीज किंवा इंटरनेट गेलंय असं समजा.

आणि इथेच व्हॉल्व्हबद्दल एक आग्रहाने सांगतो. सेन्सर ओला झाला की व्हॉल्व्ह बंद, हा नियम हबवरच लावा. त्याला ना टनेल लागतो ना इंटरनेट. बाहेरून बंद करणं हा दुसरा उपाय असू दे, पहिला नको.

शेवंता

मग एक शंका. फोन ते व्हीपीएस एक टनेल, व्हीपीएस ते हब दुसरा. म्हणजे मध्ये व्हीपीएसवर सगळं उघडं होतं ना? पत्ता तर साध्या `http` चा आहे.

खटपट्या

हो, अगदी बरोबर पकडलंत. व्हीपीएसमध्ये कोणी शिरला तर हबचा पासवर्ड त्याला वाचता येईल. दोन मार्ग आहेत. एक, हबवर `https` लावा. स्वतःचं डोमेन असेल तर प्रमाणपत्र डीएनएस नोंदीच्या पडताळणीवर मिळतं, त्यासाठी पोर्ट उघडावा लागत नाही. दुसरा, फोनचा टनेल थेट हबवर संपवा आणि व्हीपीएसने ती यूडीपी पाकिटं न उघडता पहिल्या टनेलमधून फक्त पुढे ढकलायची. तेव्हा फोनचा एमटीयू १२८० वर आणा, नाहीतर हँडशेक होतो पण पान अर्धवट उघडून अडकतं.

जुना_राउटर

डोमेन घ्या. टनेलमध्ये टनेल कोण सांभाळत बसणार?

नीलपंख

व्हॉल्व्हचा नियम आजच लावला. ओला फडका सेन्सरवर ठेवून पाहिलं, राउटर बंद असतानाही व्हॉल्व्ह बंद झाला. डोमेन की दुसरा टनेल हे अजून ठरत नाहीये. दुसरा मार्ग कोणी रोज वापरत असेल तर फोनच्या बॅटरीवर काय परिणाम होतो ते सांगाल का?